स्टिकर ‘छान आहे’ म्हणू नका, वाचून दाखवा



धंद्यासाठी स्वतःचा स्टिकर पॅक करण्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून रोज एकदोन जण आपला पॅक पाठवतात आणि विचारतात, “सर, कसा झालाय सांगा ना.” व्हिडिओत हा भाग दोन मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठी स्टिकरवर अभिप्राय देताना दोनच प्रश्न कामाचे असतात. लहान आकारात त्यावरचा शब्द बरोबर वाचला जातो का? आणि पाठवणाऱ्याच्या मनात जी भावना आहे तीच समोरच्याला पोचते का? साडीचा रंग, डोळे मोठे की बारीक, फॉन्ट मॉडर्न वाटतो का, हे सगळं त्यानंतर. पण होतं उलटंच. घरचे म्हणतात छान, मित्र म्हणतात एक नंबर, आणि पॅक ग्राहकांकडे जातो. मग गडबड कुठे झाली ते कोणीच सांगत नाही. ग्राहक फक्त उत्तर द्यायचं थांबतो.

हे हवेत नको राहायला, म्हणून आमच्या बॅचमधल्या एका ताईंच्या पॅकवर मी काय सांगितलं तेच मांडतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही. घरगुती लोणची आणि मसाल्यांचा धंदा, ग्राहक जवळजवळ सगळे व्हॉट्सॲपवरचे. पॅकमध्ये २४ स्टिकर, सगळ्यांत एकच पात्र, नऊवारीतली एक गोलमटोल काकू. चित्रं खरोखर गोड होती. अडचण चित्रांच्या देखणेपणात नव्हतीच.

आधी पट्टी घ्या

व्हॉट्सॲपला स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा लागतो, फाइल वेबपी प्रकारातली, आणि न हलणारा स्टिकर असेल तर १०० केबीच्या आत. एका पॅकमध्ये कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चूक पुढे होते. ५१२ चा तो चौकोन आपण लॅपटॉपवर अख्खी स्क्रीन भरून बघतो. ग्राहक तो तसा कधीच बघत नाही.

मी माझ्या फोनवर साधी कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं. चॅटमध्ये आलेला स्टिकर साधारण २५ मिलिमीटर रुंद दिसतो. आणि पाठवण्याआधी आपण जिथून निवडतो त्या ट्रेमध्ये तो साधारण १५ मिलिमीटरचा असतो. तुमच्या फोनवर थोडा फरक पडेल, पण फार नाही. म्हणजे चॅटमध्ये तुमचे २० पिक्सेल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. ट्रेमध्ये तर एका मिलिमीटरला ३४ पिक्सेल जातात.

आता ताईंचा वाढदिवसाचा स्टिकर घ्या. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, तीन ओळींत. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मी मोजली तर ४४ पिक्सेल. चॅटमध्ये ती झाली दोन मिलिमीटरच्या आसपास, ट्रेमध्ये सव्वा मिलिमीटर. त्या अक्षरावरचा अनुस्वाराचा टिंब असतो आठेक पिक्सेलचा. ट्रेमध्ये तो पाव मिलिमीटरही भरत नाही.

इंग्रजी स्टिकर बघून बनवणारे इथेच फसतात. इंग्रजीत ‘थँक्स’चं कॅपिटल अक्षर त्याच्या अंगातच पूर्ण असतं. आपलं अक्षर तसं नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि पाय मोडलेली अक्षरं. म्हणजे अक्षराचं अंग ८० पिक्सेल उंच ठेवलं तर वर आणि खाली मिळून आणखी ६० तरी सोडावे लागतात. एक ओळ झाली १४० पिक्सेलची. व्हॉट्सॲपचा सल्ला असतो की चारही कडांना १६ पिक्सेल रिकामे ठेवा. मग उरतात ४८०. दोन ओळी लिहिल्या की २८० संपले, आणि काकूला राहायला फक्त २०० पिक्सेल. काकूचा चेहरा मग मटाराएवढा होतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. अक्षराचं अंग कमीत कमी ८० पिक्सेल आणि ओळ एकच. रुंदीचा हिशोब केला तर त्या मापात एका ओळीत पाच ते सहा अक्षरं बसतात. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ ही बारा अक्षरं आहेत, त्यात ‘च्या’, ‘र्दि’ आणि ‘च्छा’ अशी गुंतागुंतीची जोडाक्षरं. ताईंना मी म्हटलं, केक काकूच्या हातात आहेच, मेणबत्ती पेटलेली आहेच, मग ‘बड्डे!’ एवढंच पुरे. ज्यांना ‘बड्डे’ थिल्लर वाटतो त्यांच्यासाठी ‘शुभेच्छा!’ ठेवा. पूर्ण वाक्य लिहायचं असेल तर त्यासाठी मेसेज आहे की.

‘पोचेल’ की ‘पोचलं’

लहान आकारात नेमकं काय बिघडतं हे समजायला ताईंच्या पॅकमधली एक जोडी फार उपयोगाची ठरली. एक स्टिकर होता ‘पोचेल’, म्हणजे तुमचं पार्सल येईल, काळजी नको. दुसरा ‘पोचलं’, म्हणजे मिळालं. दोन्हीत काकू स्कूटरवर, मागे बरणीचा खोका.

आता हे दोन शब्द नीट बघा. दोन्हीत प, च, ल हीच तीन अक्षरं, त्याच क्रमाने. फरक एवढाच की एकात ‘च’च्या डोक्यावर मात्रा आहे आणि दुसऱ्यात ‘ल’च्या डोक्यावर टिंब. ट्रेमध्ये बघितलं तर शिरोरेषेवर काहीतरी ठिपका आहे इतकंच कळतं. तो कोणत्या अक्षरावर आहे आणि टिंब आहे की मात्रा, हे सांगता येत नाही. चष्मा घरी विसरलेल्या माणसाला तर नाहीच. आणि धंद्यात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो? पार्सल वाटेत असताना ग्राहकाने ‘पोचलं’ वाचलं, तर तो घरच्यांना विचारत बसतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो, आणि शेवटी तुम्हाला फोन करतो, तोही आवाज चढवून.

अशा वेळी बहुतेक जण सुचवतात, फॉन्ट बदला किंवा अक्षर ठळक करा. त्याने थोडा फरक पडतो, पण मूळ दुखणं जात नाही. उपाय शब्द बदलणं हा आहे. ज्या दोन स्टिकरचा अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहे, त्यांचे शब्द अक्षरांच्या अंगातच वेगळे हवेत, डोक्यावरच्या खुणेने नव्हे. आम्ही ‘पोचेल’चं केलं ‘वाटेत आहे’, आणि स्कूटर तशीच ठेवली. ‘पोचलं’चं केलं ‘मिळालं!’, आणि चित्र पार बदललं. काकू दारात उभी, बरणी छातीशी धरलेली. आता शब्द अर्धवट दिसला तरी घोटाळा होत नाही.

तुमच्या पॅकमध्ये अशा जोड्या शोधा. ‘चालेल’ आणि ‘चाललं’ ही तशीच एक जोडी. ‘बरं’ मधला टिंब गेला की ‘बर’ उरतं, ते निदान समजून घेता येतं. पण प्रश्नचिन्हावर अर्थ टांगून ठेवू नका. ‘मिळाले’ आणि ‘मिळाले?’ यांत पहिला पावती आहे आणि दुसरा तगादा. एवढं मोठं अंतर एका बारीक चिन्हाच्या भरवशावर सोडायचं नसतं. काही अक्षरं मुळातच एकमेकांसारखी आहेत: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. ब आणि व यांच्यात तर पोटातली एक तिरकी रेघ एवढाच फरक, आणि जाड फॉन्टमध्ये पहिली तीच बुजते.

जाडपणा आणि काठ

फॉन्टबद्दल थोडक्यात. मुंबईच्या एक टाइपचे ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत, व्यवसायासाठी वापरता येतात, आणि स्टिकरवर चांगले चालतात. बोल्डपर्यंत जा, त्यापुढचं सगळ्यात जाड वजन टाळा. त्यांचाच ‘मोदक’ नावाचा फॉन्ट बॅनरवर फार देखणा दिसतो, पण तो मोठ्या आकारासाठीच आहे. त्यात अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागा बारीक रेघांएवढ्या ठेवल्या आहेत. स्टिकरवर त्या रेघा मिटतात आणि अक्षराचा गोळा होतो.

खरा घोळ असतो काठाचा. स्टिकरभोवती ८ पिक्सेलचा पांढरा काठ ठेवावा असं व्हॉट्सॲपच सुचवतं, कारण काहींच्या फोनमध्ये चॅटची पार्श्वभूमी फिकट असते आणि डार्क मोडवाल्यांची जवळजवळ काळी. काठ नसेल तर काळी अक्षरं डार्क मोडमध्ये गायब. ताईंच्या मामेभावाने काठ दिला होता, पण पोस्टरसारखा: पिवळी अक्षरं आणि काळा जाड काठ. लॅपटॉपवर झकास. फोनवर मात्र तो काळा काठ मात्रा आणि शिरोरेषेमधल्या फटीत भरला, ‘क’च्या पोटात भरला, आणि अनुस्वार काठातच बुडाला.

उलटं करा. अक्षर गडद, काठ पांढरा. मग फटी भरल्या तरी पांढऱ्याने भरतात आणि गडद अक्षराचा आकार जसाच्या तसा राहतो. काठ अक्षराच्या बाहेरच्या बाजूने द्या. सॉफ्टवेअर तो मधोमध देत असेल तर अर्धा काठ अक्षरालाच कुरतडतो. आणि कोपरे गोल ठेवा, नाहीतर मात्रेच्या टोकाला काट्यासारखं टोक निघतं. अनुस्वार आणि मात्रा फॉन्टमध्ये आहेत त्यापेक्षा हाताने थोड्या मोठ्या केल्या तरी हरकत नाही. हे लेटरिंग आहे, शुद्धलेखनाची वही नाही.

निळ्या कपड्यावर लाल अक्षरं ही आणखी एक सवय. १०० केबीत बसवताना फाइल दाबली जाते आणि त्यात रंगांचा बारकावा आधी जातो. लालची कड निळ्यात पसरते. सोपी परीक्षा अशी: स्टिकरचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. त्यातही अक्षर उठून दिसलं तर ते कुठेही दिसेल.

चार नमस्कार, एकच काकू

आता भावनेकडे येऊ. ताईंच्या पॅकमध्ये हात जोडलेली काकू चार वेळा होती. ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’, ‘माफ करा’ आणि ‘प्लीज’. चेहरा तोच, हात तेच, बदललेला फक्त शब्द. ट्रेमध्ये चारही सारखेच दिसणार. घाईत ‘धन्यवाद’ऐवजी ‘माफ करा’ गेलं, तर ग्राहकाला वाटणार ऑर्डर रद्द झाली.

माझी अट अशी की शब्द झाकला तरी चित्राने निदान अर्धं काम केलं पाहिजे. आणि त्यासाठी बाहेर बघायची गरज नाही, आपल्याकडे हातवारे भरपूर आहेत. माफीसाठी दोन्ही कान धरलेली काकू. आभारासाठी छातीवर हात आणि किंचित वाकलेली मान. विसरल्याची कबुली असेल तर जीभ चावलेली, डोक्यावर हात मारलेली. कौतुक असेल तर दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडून दृष्ट काढणारी. यातलं एकही चित्र कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जोडलेले हात फक्त ‘नमस्कार’ला ठेवले आणि बाकीच्या तिघांना स्वतःची कृती दिली.

चेहऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट. १५ मिलिमीटरच्या चौकोनात डोळ्यांतले भाव दिसत नाहीत. भुवया आणि तोंडाचा आकार दिसतो, आणि त्याहून जास्त मान आणि हात दिसतात. म्हणून भावना शरीराच्या ठेवणीत टाका, पापण्यांच्या केसांत नको.

‘हं’ कोणत्या सुरात?

मराठी बोलताना आपण निम्मा अर्थ सुरात टाकतो. ‘बरं’ म्हणजे होकार, की कंटाळा? ‘हो का?’ म्हणजे नवल, की टोमणा? ‘ठीक आहे’ म्हणजे खरंच ठीक, की ‘जाऊ दे आता’? तोंडाने बोलताना आवाज हे ठरवतो. स्टिकरला आवाज नाही. तिथे आवाजाचं काम चित्राला करावं लागतं, आणि चित्रही गोंधळलेलं असेल तर समोरचा माणूस आपल्या त्या वेळच्या मूडप्रमाणे अर्थ लावतो.

ताईंचा सगळ्यात आवडता स्टिकर होता नववा. काकू एक डोळा मिचकावतेय, खाली शब्द: ‘बाकी आहे हं!’ उधारी मागायला. गोड शब्दांत आठवण करून द्यायची, असा त्यांचा हेतू. त्यांनी तो एका जुन्या ग्राहकबाईंना पाठवला. बाईंनी दहा मिनिटांत पैसे पाठवले. पण त्यानंतर दिवाळीची ऑर्डर आली नाही, आणि कारण विचारायची सोय राहिली नाही.

त्या स्टिकरमध्ये काय चाललंय ते उलगडून बघा. ‘हं’ आपण कोणाला म्हणतो? लहान मुलाला: ‘पडशील हं.’ मैत्रिणीला गमतीने. आणि कधीकधी दटावताना. त्यात डोळा मिचकावणं आलं की अर्थ होतो, ‘तुम्ही टाळताय ते मला कळलंय.’ हेतू मायेचा होता, पोचला टोमणा. शिवाय स्टिकरवर रक्कम नाही, तारीख नाही, समोरच्या बाईंचं नाव नाही. वर्षानुवर्षं नियमित पैसे देणाऱ्या माणसाला वाटतं, मला सगळ्यांसारखंच हाकललं.

इथे माझं मत ठाम आहे, तुम्हाला पटो न पटो. पैसे मागायचा स्टिकर करूच नका. बरेच दुकानदार म्हणतात की विनोदाने मागितलं की वाईट दिसत नाही. गल्ल्यावर समोरासमोर ते खरं आहे, कारण तिथे तुमचं हसू दिसतं आणि समोरच्याचा चेहरा पडला तर तुम्ही लगेच सावरून घेता. स्टिकर एकदा गेला की गेला. बाकी मागायची तर सरळ लिहा: ‘काकू, मागच्या महिन्याचे इतके रुपये राहिलेत, सवडीने पाठवा.’ त्यात मान आहे आणि स्पष्टपणाही आहे.

नवव्या स्टिकरची जागा आम्ही उलट्या बाजूने वापरली. ‘पैसे मिळाले’. काकू नऊवारीच्या कनवटीला नोट खोचतेय, चेहरा समाधानी. पैसे दिल्यावर लगेच पावतीसारखं काहीतरी आलं की ग्राहकाला बरं वाटतं, आणि इथे टोमण्याला जागाच नाही.

येतो, येते आणि येतोस

आणखी एक गोष्ट इंग्रजी पॅकवरून नक्कल करताना लक्षात येत नाही. मराठी क्रियापद पाठवणारा बाई आहे की पुरुष ते सांगून टाकतं. ‘आलेच’, ‘पाठवते’, ‘विसरले’ असे सहा स्टिकर ताईंच्या पॅकमध्ये होते. दुकानाच्या फोनवरून त्यांचा मुलगाही ग्राहकांना उत्तर देतो. त्याच्यासाठी ते सहाही बाद. आणि ग्राहकांनी ते पुढे वापरावेत अशी इच्छा असेल तर निम्मे ग्राहकही बाद.

यातून वाट आहे. काम करणाऱ्याला सोडून कामाबद्दल बोला. ‘पाठवते’ऐवजी ‘पाठवलं’. ‘विसरले’ऐवजी ‘राहिलंच!’ ‘आलेच’ऐवजी ‘दोन मिनिटं!’ अर्थ तोच, कोणीही पाठवू शकतं.

तसंच तू आणि तुम्ही. ‘ये ना’, ‘सांग की’ मित्रांच्या पॅकला शोभतं. ग्राहकांमध्ये तुमच्या आईच्या वयाच्या बायका आहेत. ‘या ना’, ‘सांगा की’ लिहायला जागा तेवढीच लागते.

अभिप्राय कसा घ्यायचा

ताईंनी पॅक फॅमिली ग्रुपवर टाकून विचारलं होतं, “कसे वाटले?” अठरा अंगठे आले. त्यातून काहीच कळलं नाही, कारण प्रश्नच चुकीचा होता. माणूस प्रश्नाला उत्तर देतो. ‘कसे वाटले’ला ‘छान’ हेच उत्तर आहे, विशेषतः नात्यात.

मी त्यांना आठ माणसं शोधायला लावली. निम्मी पन्नाशीच्या पुढची, आणि दोन तरी अशी की ज्यांनी पॅक आधी पाहिलेला नाही. प्रत्येकाला स्टिकर त्यांच्याच फोनवर पाठवायचा, लॅपटॉपवर दाखवायचा नाही. मग तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: दोन सेकंद बघा, फोन उलटा ठेवा, काय लिहिलं होतं ते सांगा. इथे वाचनाची परीक्षा होते. माणूस अडखळला तरी मदत करायची नाही. तो जे चुकीचं वाचतो तेच तुम्हाला हवं आहे, ते शब्दशः लिहून ठेवा.

दुसरा: शब्द काढून टाकलेलं नुसतं चित्र दाखवा. ही काकू काय म्हणतेय? इथे चित्राची परीक्षा.

तिसरा: हा स्टिकर तुम्ही कोणाला, कधी पाठवाल? माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. ‘बाकी आहे हं’ बघून एका काकांनी उत्तर दिलं, “भाचा पैसे बुडवायला लागला तर.” यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आणि ‘ठीक आहे’वर आठपैकी पाच जण म्हणाले, नवऱ्याशी किंवा बायकोशी भांडण झाल्यावर.

प्रत्येक स्टिकरपुढे फक्त तीनपैकी एक शेरा लिहायचा: बरोबर, अडखळला, उलटा. अडखळले असतील तर अक्षर मोठं करा, शब्द लहान करा, काठ सुधारा. पण एकानेही उलटा अर्थ काढला, तर दुरुस्ती करत बसू नका, तो शब्द किंवा ते चित्र बदला. आठातला एक म्हणजे तुमच्या दोनशे ग्राहकांत किती जण असू शकतात याचा विचार करा.

आणि तुम्ही दुसऱ्याच्या पॅकवर अभिप्राय देणार असाल तर तोही याच साच्यात द्या: मला काय दिसलं, मला काय समजलं, काय बदलावं. उदाहरणार्थ: ‘ट्रेमध्ये मला पोचलं असं दिसलं. मला वाटलं पार्सल आलं. शब्द बदला.’ यात कोणाच्या चित्रकलेचा अपमान नाही, आणि बनवणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते नेमकं कळतं. ‘रंग जरा भडक वाटतो’ हा अभिप्राय नाही, ती आवड आहे.

शेवटी उरले पंधरा

ताईंच्या २४ स्टिकरपैकी पाच जसेच्या तसे राहिले. दहांचे शब्द किंवा चित्रं बदलली. नऊ काढून टाकले, कारण ते आधीच्यांचीच पुनरावृत्ती होते किंवा कोणाला कधी पाठवायचे ते कोणालाच सांगता आलं नाही. मामेभाऊ थोडा नाराज झाला. मेहनत त्याची होती, ते साहजिक आहे. पण ट्रेमध्ये चोवीस चौकोनांत शोधण्यापेक्षा पंधरांत शोधणं सोपं, आणि पंधराही कामाचे.

एक मर्यादाही सांगतो. ही परीक्षा तुमच्या ग्राहकांपुरतीच खरी आहे. ताईंचे ग्राहक सांगली-कोल्हापूरकडचे. तिकडे गोड वाटणारा शब्द नागपूरच्या ग्राहकाला कसा वाटेल हे त्या आठ माणसांना विचारून कळणार नाही. ग्राहक तिकडचे असतील तर आठ माणसंही तिकडचीच हवीत.

आता तुमचं काम. आज संध्याकाळी तुमच्या पॅकमधला सगळ्यात लाडका स्टिकर स्वतःलाच पाठवा, फोनचा प्रकाश निम्म्यावर आणा, हात लांब करा आणि वाचा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तिसरा प्रश्न विचारा. जे उत्तर येईल ते शब्दशः कमेंटमध्ये लिहा, चुकीचं असेल तर आवर्जून लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन स्क्रीनवरच दुरुस्त करू.

भेटू.